एका फ्रेमच्या वाट्याला किती?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी, कॉम्प्युटरच्या दुकानात स्वस्तातल्या गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं की त्यात बऱ्याचदा ‘१६ जीबी रॅम, १ नग’ अशी ओळ असते. दुकानदाराचं म्हणणं असतं की दुसरा स्लॉट मोकळा राहील आणि पुढेमागे रॅम वाढवता येईल. ज्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवायचं आहे, तिथे हा सल्ला एक वेळ चालून जाईल. पण ज्या पीसीत प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचं आहे, तिथे तो फार महागात पडतो. कसा, ते एका नेमक्या यंत्रावर पाहू.

एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर २०२१ साली बाजारात आला. सहा कोअर आणि त्यांच्या जोडीला त्याच चिपमध्ये वेगा जातीचं ग्राफिक्स असल्यामुळे कमी बजेटच्या पीसीत तो आवडता ठरला. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. खेळातलं प्रत्येक टेक्स्चर, प्रत्येक सावली, पडद्यावर उमटणारा प्रत्येक पिक्सेल मदरबोर्डवरच्या साध्या डीडीआर४ रॅममधूनच येतो-जातो. प्रोसेसरचे सहा कोअरही त्याच रॅमवर अवलंबून असतात.

रॅमचा एक चॅनल ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असतो. ३२०० वेगाची रॅम सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती देते-घेते. गुणाकार केला की एका चॅनलमधून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, हे कळतं. दोन चॅनलवर दोन स्टिक असतील तर हाच आकडा ५१.२ जीबी होतो. स्टिक १६ जीबीची असली म्हणून तिचा चॅनल रुंद होत नाही.

हे आकडे सेकंदाचे आहेत, खेळ मात्र फ्रेममध्ये चालतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात दोन चॅनलमधून सुमारे ८५३ एमबी माहिती हलू शकते आणि एका चॅनलमधून ४२७ एमबी. १९२० गुणिले १०८० चा पडदा एकदा पूर्ण रंगवायला जेमतेम ८ एमबी लागतात, मग ४२७ एमबी कमी का पडावेत? कारण आजचा खेळ एक फ्रेम एकाच हाताने रंगवत नाही. आधी खोली मोजतो, मग पृष्ठभागांचे रंग आणि दिशा वेगवेगळ्या थरांत लिहितो, ते थर पुन्हा वाचून प्रकाश बसवतो, सावल्यांसाठी वेगळी चित्रं काढतो, धूर आणि पारदर्शक काचा वरून चढवतो. दर टप्प्याला वाचन आणि लेखन होतं, टेक्स्चरची ने-आण होते ती निराळीच. शिवाय यातला काही वाटा प्रोसेसर उचलतो, आणि प्रत्यक्षात चॅनलची पूर्ण क्षमता कधीच हाती लागत नाही. म्हणून एका स्टिकवर ५६००जीचं ग्राफिक्स बराच वेळ माहितीची वाट पाहत बसतं.

त्यात आणखी एक गळती होते. ३२०० असं छापलेली रॅम लावली म्हणून ती त्या वेगाने चालतेच असं नाही. बायॉसमधलं `XMP` किंवा `DOCP` नावाचं प्रोफाइल चालू करेपर्यंत पुष्कळ स्टिक २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालतात. एकच स्टिक २१३३ वर असेल तर फ्रेमच्या वाट्याला २८४ एमबी उरतात, म्हणजे मूळ ८५३ च्या एक तृतीयांश. पैसे पूर्ण मोजलेले असतात, पण एक सेटिंग राहून गेलेलं असतं. याउलट दोन्ही स्टिक ३२०० वर असताना आणखी महागडी ३६०० ची जोडी घेतली तर वाढ होते साडेबारा टक्के. आधी दुसरा चॅनल, मग प्रोफाइल, आणि हौस व पैसा उरला तरच जास्त वेगाची रॅम, असा माझा क्रम आहे.

तपासणी सोपी आहे. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर `Speed` आणि `Slots used` दिसतं. पण दोन स्लॉट भरलेत म्हणजे दोन चॅनल चालू आहेत, असं नाही. चार स्लॉटच्या बोर्डवर शेजारशेजारचे दोन स्लॉट बहुधा एकाच चॅनलचे असतात. स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात, तरी बोर्डचं पुस्तक पाहून खात्री करावी. खरा निकाल सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या मेमरीच्या पानावर मिळतो. तिथे रॅमचा वेग १६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसला तर घाबरू नका. ही रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती देते, त्यामुळे १६०० म्हणजेच ३२००. प्रोफाइल चालू केल्यावर पीसी सुरूच झाला नाही किंवा खेळ मध्येच बंद पडू लागले, तर एक पायरी खाली उतरून २९३३ वर चालवावं.

बायॉसमध्ये ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची तेही ठरवता येतं. तिथे ५१२ एमबीचे २ जीबी केले की खेळ वेगाने धावेल, अशी समजूत सर्रास आढळते. राखीव भाग त्याच रॅममधला असल्यामुळे त्याचा वेग काडीचाही वाढत नाही. गरज पडली की विंडोज उरलेल्या रॅममधूनही ग्राफिक्सला जागा देतेच. एखादा खेळ राखीव मेमरी मोजून सुरू व्हायलाच नकार देत असेल, तेव्हा हा बदल उपयोगी पडतो. एकूण रॅमच ८ जीबी असेल तर तो उलट नडतो, कारण विंडोज आणि खेळ दोघांना मिळून ६ जीबी उरतात आणि ओसंडलेली माहिती डिस्कवर जाऊ लागते.

आता याच पीसीत पुढे कार्ड घातलं असं धरू. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ च्या जानेवारीत आलेलं कार्ड ४ जीबी व्हिडिओ मेमरीचं आहे. तिचा वेग सेकंदाला १४४ जीबी, म्हणजे फ्रेमच्या वाट्याला २.४ जीबी, आणि त्यात प्रोसेसरचा वाटा नाही. खेळाची माहिती ४ जीबीत मावते तोवर तो मजेत चालतो. मावली नाही की उरलेलं टेक्स्चर मुख्य रॅममध्ये जातं आणि लागेल तसं पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने आणावं लागतं. नेमकी हीच वाट इथे अरुंद आहे. या कार्डाला चारच लेन आहेत, आणि ५६००जी फक्त तिसऱ्या पिढीचं पीसीआय एक्स्प्रेस देतो. दोन्ही मिळून वेग होतो सेकंदाला सुमारे ४ जीबी, फ्रेममागे ६६ एमबी. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक टेक्स्चर आवळून आणि त्याच्या लहान प्रतींसकट सुमारे २२ एमबी भरतं. म्हणजे एका फ्रेममध्ये अशी तीनच आणता येतात. चौथं लागलं की फ्रेम अडते आणि खेळ हिसका देतो.

या दोन दुखण्यांची लक्षणं वेगळी आहेत. रॅमचा चॅनल अपुरा असला की फ्रेम सगळीकडेच कमी मिळतात आणि रिझोल्यूशन ७२० वर आणलं की वाढतात. व्हिडिओ मेमरी भरली की सरासरी चांगली दिसते, पण नव्या जागेत शिरताना किंवा झटकन वळताना हिसके बसतात. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये `Dedicated GPU memory` काठोकाठ भरलेली आणि `Shared GPU memory` वाढत चाललेली दिसते. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करून फारसं हाती लागत नाही. टेक्स्चर क्वालिटी एक पायरी उतरवावी. टेक्स्चरची बाजू निम्मी झाली की त्याची जागा चौथाईवर येते, आणि २२ एमबीच्या जागी साडेपाच लागतात.

तेव्हा ५६००जी वापरणाऱ्यांनी ४ जीबीचं, चार लेनचं कार्ड घेऊ नये. थोडे पैसे आणखी साठवून किमान आठ लेनचं आणि ८ जीबीचं कार्ड घ्यावं, आणि तोवर दोन स्टिकवर खेळावं.