रात्रीचा फ्लॅश, संध्याकाळचं ऊन आणि एक चेहरा

जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओंत दिवाळीच्या सुमारास एक काम हमखास येतं. कुटुंबाचा एकत्र फोटो आहे, पण त्यात आजोबा नाहीत. ते फोटो काढण्याआधीच गेले. घरचे म्हणतात, ‘यांचा हा जुना फोटो घ्या आणि आमच्यात बसवून द्या.’ याला ‘मिक्सिंग’ म्हणतात. मिक्सिंग फसलं तर बहुतेकदा कडा कापण्यात चूक शोधली जाते. प्रत्यक्षात बिघाड प्रकाशात असतो, कारण दोन्ही फोटो दोन वेगळ्या उजेडांत काढलेले असतात.

खानदेशात सहज घडेल असं एक उदाहरण घेऊ. कुटुंबाचा फोटो रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेत, संध्याकाळी, सूर्य मागे डावीकडे ठेवून काढलाय. आजोबांचे दोन फोटो मिळाले. एक धुळ्यातल्या लग्नाचा, रात्री मंडपात समोरून फ्लॅश मारून काढलेला. दुसरा कानबाईच्या उत्सवात रात्री पिवळ्या बल्बखाली मोबाइलवर टिपलेला. कानबाईच्या फोटोत आजोबा मनापासून हसताहेत, म्हणून घरच्यांना तोच हवा असतो. तरी मी लग्नाचा फोटो घ्यायला सांगेन.

कारण असं. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा रंग फार थोडा असतो. कॅमेऱ्याच्या निळ्या चॅनलला जवळजवळ काही मिळालेलं नसतं, आणि पिवळेपणा काढायला गेलं की तोच अर्धपोटी चॅनल ताणावा लागतो. मग कपाळावर, गालावर निळे-जांभळे डाग उठतात. त्यातून मोबाइलने आधीच स्वतःच्या पद्धतीने नॉइज पुसलेला असतो आणि त्यासोबत सुरकुत्याही पुसल्या गेलेल्या असतात. फोटो मोठा करून तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहिले की हे लगेच दिसतं: निळ्यात नुसते ठोकळे, हिरव्यात थोडाफार चेहरा. रंगाचे डाग रंगाचा थर धूसर करून घालवता येतात, पण हरवलेली सुरकुती परत येत नाही. फ्लॅशच्या फोटोत उलट आहे. तिथे प्रकाश गरजेपेक्षा जास्त आहे, आणि उजळ चेहरा खाली आणणं हे अंधारा चेहरा वर काढण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

आता खाली किती आणायचं? इथे खानदेशी म्हाताऱ्यांची पांढरी टोपी आणि सदरा उपयोगी पडतो. बागेतल्या फोटोत दुसरे कुणी टोपी घातलेले काका असतील तर त्यांच्या टोपीच्या समोरच्या, सावलीतल्या भागावरचे आकडे वाचायचे. समजा लाल ११८, हिरवा १२८, निळा ११६ आले. सूर्य मागे असल्यामुळे टोपीची पुढची बाजू सावलीत आहे, आणि हिरवा जास्त आहे तो केळीच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडामुळे. आजोबांची टोपी फ्लॅशने जळून २५५ झाली असेल, तर ती मोजमापाला निरुपयोगी. म्हणून न जळलेला सदऱ्याचा भाग घ्यायचा, समजा तिथे तिन्ही चॅनल २३५ च्या आसपास आहेत. मग कर्व्हजमध्ये प्रत्येक चॅनल वेगळा उघडून लालात २३५ ला ११८ वर, हिरव्यात १२८ वर, निळ्यात ११६ वर आणायचं. एवढ्यानेच सुमारे दोन स्टॉप उजेड कमी होतो आणि रंगही बागेचा होतो. डोळ्याच्या अंदाजाने हे करायला गेलं की त्वचा पिवळसर ठेवायचा मोह होतो आणि आजोबा एकटेच मंडपात उभे राहिल्यासारखे दिसतात.

काळ्या टोकाकडेही पाहायला हवं. समोरून ऊन येत असताना लेन्समध्ये थोडा उजेड पसरतो, त्यामुळे बागेतल्या माणसांचे काळे केसही पूर्ण काळे नसतात. समजा ३० च्या आसपास असतात. फ्लॅशच्या फोटोत तेच ८ असतात. कर्व्हजचं खालचं टोक तेवढं वर उचललं नाही, तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा उठून दिसतो.

यापुढचं काम हाताचं आहे, आणि सगळा वेळ तिथेच द्यावा. समोरच्या फ्लॅशने चेहऱ्याचा मधला भाग उजळतो आणि कडा काळवंडतात. मागच्या उन्हात नेमकं उलट होतं: मधला भाग सावलीत, कडा उजळ. म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाच्या हाडांवरची चकाकी आधी उतरवायची. चकाकी जळलेली असेल तर ती नुसती काळी करून भागत नाही, तिथे त्वचेऐवजी राखाडी ठिपका येतो. शेजारच्या त्वचेचा पोत वेगळ्या लेयरवर, ‘डार्कन’ मोडमध्ये, हलक्या हाताने आणावा लागतो. बुबुळाच्या मध्यावरचा फ्लॅशचा पांढरा ठिपका पुसून वरच्या बाजूला आकाशाचा फिकट, रुंद पट्टा द्यायचा. भुवयांखाली आणि हनुवटीखाली किंचित सावली वाढवायची.

मग उन्हाची कड. ती कल्पनेने काढू नये. शेजारी उभ्या माणसाची पाहून काढावी. सूर्य मागे डावीकडे असेल तर टोपीच्या, कानाच्या आणि खांद्याच्या फोटोतल्या डाव्या काठावर ती रुंद असेल, उजवीकडे जेमतेम. कानाच्या पाळीतून ऊन आरपार येतं, तिथे लालसर झाक हवी. आणि आजोबांच्या मागे डावीकडे दुसरं कुणी उभं असेल तर तिथे कडच नको, कारण त्या माणसाने ऊन अडवलेलं असतं.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर लहान वस्तू मांडून आख्खे देखावे उभे केले, तेही याच शिस्तीवर: उजेड कुठून येतो हे एकदा ठरलं की चित्रातल्या प्रत्येक वस्तूने ते पाळायचं. १८५७ मध्ये छायाचित्रकार ऑस्कर रेजलँडर यांनी तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं, तेव्हाही अडचण हीच होती.

नॉइज सर्वांत शेवटी हाताळायचा, आकार पक्का झाल्यावर. चेहरा लहान केला की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि नॉइज आपोआप कमी होतो; अर्धा आकार केला तर साधारण अर्धा. बागेतल्या फोटोत सावलीतले चेहरे उजळ केलेले असतील तर तिथे दाणा जास्त असतो, आणि आजोबांचा चेहरा त्यांच्यात प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसतो. फोटोशॉपच्या हिस्टोग्राम पॅनलमध्ये एका सपाट भागाची निवड करून `Std Dev` वाचता येतो. समजा काकांच्या सदऱ्यावर ४ आणि आजोबांच्या सदऱ्यावर १.५ आहे. फरक अडीचचा दिसतो, पण नॉइजची बेरीज वर्गांनी होते: १६ वजा २.२५, त्याचं वर्गमूळ सुमारे ३.७. म्हणजे अडीच नव्हे, ३.७ चा दाणा घालावा लागेल. दाणा घातल्यावर पुन्हा मोजावं, कारण सॉफ्टवेअरच्या पट्टीवरचा आकडा आणि हा आकडा एकच नसतो. दाणा एकरंगी ठेवावा आणि अर्ध्या पिक्सेलने धूसर करावा. जेपेग फोटोंतला दाणा टोकदार नसतो, थोडा फुगलेला असतो.

तपासायची सोपी पद्धत म्हणजे सगळं चित्र काही वेळ कृष्णधवल करून, लांबून पाहणं. रंग बाजूला झाले की उजेडाची चूक लपत नाही. त्यानंतर चेहऱ्यांची एक पट्टी खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात छापून घ्यावी. पडद्यापेक्षा छपाईत सावल्या अधिक दाट येतात आणि सावलीतलेच चेहरे असल्यामुळे इथे त्याचा फटका मोठा बसतो.

कानबाईचा फोटो एवढाच उपलब्ध असेल तर? मग माझं मत स्पष्ट आहे. दिव्याचा उजेड एका बाजूने पडून नाकाची गडद सावली गालावर आलेली असेल, तर तो चेहरा बागेत बसवू नये. उजेडाची दिशा कर्व्हजने फिरत नाही, आणि ती सावली पुसताना चेहराच आजोबांचा राहत नाही. तो फोटो त्याच्या पिवळ्या उजेडासह, लहान आकारात वेगळा छापावा. त्यासाठीही घरच्यांकडून व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत घेऊ नये, ज्या मोबाइलने काढला त्यातली मूळ फाइल मागावी. फिरलेल्या प्रतीत आकार आणि बारीक तपशील आधीच कमी झालेला असतो, आणि अंधाऱ्या फोटोत तो मुळातच थोडा असतो.