एक चिप, चार उत्तरं

```
GLFW error 65543: WGL: Driver does not support OpenGL version 3.2
```

नाशिक रोडला बहिणीच्या घरी, २०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत, ही ओळ भाच्याच्या लॅपटॉपवर आली आणि माइनक्राफ्ट सुरू होण्याआधीच बंद पडलं. लॅपटॉप २०११ चा, इंटेल कोअर आय-३, विंडोज सेव्हन. गेमची १.१६.५ ही आवृत्ती त्यावर धडधाकट चालत होती, १.१७ मात्र दारातूनच परत जात होती. "मावशी, दुकानातले काका म्हणाले ग्राफिक्स कार्ड गेलंय," त्यानं सांगितलं. त्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड कधी नव्हतंच. चित्रं काढणारा भाग मुख्य प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर बसलेला होता, त्याचं नाव एचडी ग्राफिक्स ३०००. आणि तो अगदी ठणठणीत होता.

त्या ओळीतला एक शब्द नीट वाचला तर अर्धं कोडं तिथेच सुटतं. 'ड्रायव्हरला ओपनजीएल ३.२ येत नाही' असं ती ओळ म्हणते. चिपला येत नाही असं ती म्हणत नाही.

ओपनजीएल हे काही आपण डाउनलोड करून घेतो असं सॉफ्टवेअर नव्हे. तो एक लिखित करार आहे. १९९२ साली सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनं त्याची पहिली आवृत्ती काढली, २००६ पासून तो ख्रोनोस नावाच्या उद्योगसमूहाकडे आहे. कोणत्या नावाची आज्ञा दिली की पडद्यावर काय घडलं पाहिजे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ते घडवायचं कसं, हे ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरनं पाहायचं. गेम सुरू होताना ड्रायव्हरला विचारतो, 'मला ३.२ चा करार हवा, देतोस?' ड्रायव्हर हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणाला तर गेम तिथेच थांबतो, कारण पुढच्या प्रत्येक चित्राची मांडणी त्या करारावरच बेतलेली असते.

आता त्या चिपचं बघा. २०११ च्या जानेवारीत सँडी ब्रिज पिढीचे प्रोसेसर बाजारात आले, त्यातली ही चिप. विंडोजसाठी इंटेलनं तिचा जो ड्रायव्हर लिहिला तो ३.१ पर्यंत येऊन थांबला. ३.२ हा करार २००९ चा, म्हणजे चिपपेक्षाही जुना. मग अडलं कुठे? ओपनजीएलच्या आवृत्तीचा नियम दहावीच्या परीक्षेसारखा आहे. सगळे विषय सुटले तरच पास, एक राहिला तरी नापास. ३.२ मधला एक मोठा विषय म्हणजे जॉमेट्री शेडर. त्रिकोणाचा एकेक कोपरा हाताळणारे छोटे प्रोग्राम आधीपासून होते, पण हा नवा प्रोग्राम अख्खा त्रिकोण हातात घेतो, आणि त्याच्या जागी आणखी त्रिकोण काढू शकतो किंवा तो त्रिकोण चक्क गाळूही शकतो.

चिपला हे जमत नव्हतं का? जमत होतं. याच चिपचा विंडोजमधला ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स १०.१ या करारावर सही करतो, आणि त्या करारात जॉमेट्री शेडर सक्तीचा आहे. त्याच वर्षीच्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्येही हीच चिप होती आणि ॲपलच्या 'लायन' प्रणालीत ती ३.२ देत होती. म्हणजे ट्रान्झिस्टर तेच, कसब तेच. विंडोजमधल्या ओपनजीएलच्या बाजूला त्या कसबापर्यंत नेणारा रस्ता मात्र कुणी बांधला नव्हता.

याहून जास्त अचंबा वाटला तो गेमची फाइल उघडून पाहिली तेव्हा. माइनक्राफ्टची जार फाइल म्हणजे एक झिप असते. आत `assets/minecraft/shaders/core` या फोल्डरमध्ये १.१७ चे शेडर साध्या मजकुरात वाचता येतात, आणि त्यांच्या डोक्यावर लिहिलेलं असतं `#version 150`. ही ओपनजीएल ३.२ सोबत आलेली शेडरची भाषा. शेडर लिहिलेल्या फाइली मात्र दोनच प्रकारच्या, `.vsh` आणि `.fsh`, म्हणजे कोपऱ्यांसाठी एक आणि रंगांसाठी एक. जॉमेट्री शेडर त्यात नाहीच. ज्या विषयाचं या फोल्डरात नावही नाही, तो विषय सुटलेला नसला तरी गेम दार उघडत नाही, कारण तो एकेक विषय तपासत बसत नाही, फक्त पासाचा आकडा विचारतो.

दुकानातल्या काकांनी सुचवलेला पुढचा उपाय होता विंडोज टेन टाकण्याचा. तो केला, आणि गाडी आणखी मागे गेली. आता ओळ अशी आली:

```
GLFW error 65542: WGL: The driver does not appear to support OpenGL
```

या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गेमची खिडकी उघडून देणाऱ्या जीएलएफडब्ल्यू या लायब्ररीच्या चुकांचे क्रमांक ६५५३६ च्या पुढे मोजायचे. त्यातला सातवा म्हणजे 'ओपनजीएल आहे, पण मागितलेली आवृत्ती नाही'. सहावा म्हणजे 'इथे ओपनजीएलच दिसत नाही'. सातवा आला तर ड्रायव्हर जागेवर आहे असं समजायचं. सहावा आला तर खरा ड्रायव्हर समोर आलेलाच नाही, आणि त्याच्या जागी विंडोजचा स्वतःचा जुनापुराणा 'GDI Generic' उभा आहे. तो ओपनजीएल १.१ एवढंच जाणतो, आणि तेही चिपला हात न लावता.

पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये तर एचडी ग्राफिक्स ३००० चा ड्रायव्हर व्यवस्थित दिसत होता. इतकंच नाही, १.१६.५ अजूनही झकास चालत होती. एकाच लॅपटॉपवर, एकाच दिवशी, एका गेमला ड्रायव्हर दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे कसं?

याचं उत्तर मला फार आवडतं. इंटेलनं या चिपला विंडोज टेनसाठी अधिकृत ड्रायव्हर दिलाच नाही. विंडोज अपडेटमधून येतो तो आधीच्या विंडोजसाठी लिहिलेला. त्याचा ओपनजीएलचा भाग गेमच्याच पोटात जाऊन बसतो आणि विचारतो, 'विंडोज कोणतं?' दहा ऐकलं की तो माघार घेतो. आणि विंडोज स्वतःचं खरं वय सगळ्यांना सांगत नाही! ८.१ पासूनचा नियम असा की, ज्या प्रोग्रामनं आपल्या मॅनिफेस्टमध्ये 'मला विंडोज टेन माहीत आहे' असं लिहून दिलंय त्यालाच खरं सांगायचं, बाकीच्यांना 'मी विंडोज आठ' म्हणायचं, म्हणजे जुने प्रोग्राम बिथरत नाहीत. जावा ८ च्या अपडेट ५१ मध्ये ती नोंद नव्हती, अपडेट ६० पासून आली. माइनक्राफ्टचा लाँचर १.१६.५ साठी स्वतःसोबत हीच अपडेट ५१ ची जावा आणतो. तिच्या पोटातल्या ड्रायव्हरला 'आठ' ऐकू येतं आणि तो खुशाल ३.१ चा करार देतो. १.१७ ला जावा १६ लागते. तिला खरं उत्तर मिळतं, ड्रायव्हर मागे सरतो आणि १.१ पुढे येतं.

तिसऱ्या उत्तरासाठी पेनड्राइव्ह पुरला. त्यावर लिनक्स मिंट घेऊन लॅपटॉप त्यावरूनच सुरू केला, हार्डडिस्कला हातही न लावता, आणि टर्मिनलमध्ये टाइप केलं:

```
glxinfo -B | grep "core profile version"
OpenGL core profile version string: 3.3 (Core Profile) Mesa 21.0.3
```

तीच चिप, आणि ३.३! लिनक्समधला ड्रायव्हर 'मेसा' नावाच्या मुक्त प्रकल्पातून येतो. विंडोजमध्ये न बांधलेला तो रस्ता इथे २०१४ साली बांधला गेला, चिप बाजारात येऊन तीन वर्षं उलटल्यावर. सँडी ब्रिजसाठी जॉमेट्री शेडरचं हे काम स्पेनमधल्या इगालिया या कंपनीच्या अभियंत्यांनी केलं. या पिढीत ते काम नंतरच्या पिढ्यांपेक्षा वेगळ्या रीतीनं करावं लागतं, म्हणून ते आयतं उचलून आणता येत नव्हतं. पेनड्राइव्हवरच्या त्या लिनक्समध्ये १.१७ सुरू झालं. भाच्यानं मागे वळून मला विचारलंसुद्धा नाही, तो सरळ खाणीत उतरला.

चौथं उत्तर सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत फसवं. मेसामध्येच 'एलएलव्हीएमपाइप' नावाचा एक ड्रायव्हर आहे. तो ग्राफिक्सच्या भागाला विचारतही नाही, प्रत्येक ठिपक्याचा रंग मुख्य प्रोसेसरकडून गणित करून काढतो. लिनक्सवर तो असा जागा करतात:

```
LIBGL_ALWAYS_SOFTWARE=1 glxinfo -B
```

आता त्याच लॅपटॉपवर आकडा येतो ४.५, कारण सॉफ्टवेअरला कोणताही विषय शिकवता येतो. आणि खेळ इतका रखडत चालतो की माणूस वैतागून बंद करतो. सेकंदाला लक्षावधी ठिपके रंगवायचं काम चिपमधली बारा गणनकेंद्रं अनेक धाग्यांत वाटून घेतात, तेच दोन गाभ्यांवर पडलं की दम निघतो. ओपनजीएलचा आकडा 'काय काय येतं' ते सांगतो, 'किती वेगानं' हे त्यात कुठेच नसतं. विंडोजवरही मेसाची `opengl32.dll` तिच्या सोबतच्या फाइलींसह गेमच्या जावाशेजारी ठेवून हेच करता येतं. गेम उघडेल, खेळता येणार नाही.

वेग वाढवायचा तर या लॅपटॉपमध्ये बघायची जागा वेगळी आहे. प्रोसेसरमध्येच बसलेल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच चित्रं वाचतं आणि लिहितं. डीडीआर-३ १३३३ ची एकच पट्टी असेल तर त्या वाटेनं सेकंदाला जास्तीत जास्त साधारण १०.६ जीबी ये-जा होते, आणि त्यात प्रोसेसरचाही वाटा असतो. दुसरी पट्टी रिकाम्या खाचेत बसवली की वाट दुप्पट रुंद होते. भाच्याच्या लॅपटॉपची दुसरी खाच रिकामीच होती. एम. जी. रोडवरून जुनी चालू पट्टी आणून बसवली, आणि दूरवरचे डोंगर दाखवतानाचे गचके डोळ्यांना दिसतील इतके कमी झाले.

पेनड्राइव्हवरच्या लिनक्सची युक्ती मात्र एक पिढी मागे चालत नाही. २०१० च्या पहिल्या पिढीच्या कोअर आय-३ मधलं साधं 'एचडी ग्राफिक्स' विंडोजवर २.१ देतं आणि मेसावरही २.१ च. तिथे पेनड्राइव्ह लावूनही आकडा हलणार नाही. अशा लॅपटॉपवर लाँचरमध्ये 'इन्स्टॉलेशन्स'मध्ये जाऊन १.१६.५ निवडायची आणि त्याच आवृत्तीच्या सर्व्हरवर खेळायचं. त्याउलट, एचडी ३००० नंतरच्या एचडी ४००० ला विंडोजवरच ४.० मिळतं. तिथे ६५५४२ दिसलं तर दोष चिपचा नसतो, बहुतेक वेळा विंडोज नव्यानं टाकल्यावर इंटेलचा ड्रायव्हर बसवायचा राहून गेलेला असतो.