एसएससी, एचएससी आणि सीजीपीए

एसएससी (माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र) आणि एचएससी (उच्च माध्यमिक प्रमाणपत्र) ही महाराष्ट्रातील अनुक्रमे इयत्ता दहावी व बारावीच्या परीक्षांची संक्षिप्त नावे आहेत. सीजीपीए हे परीक्षेचे नाव नसून सरासरी श्रेणीगुणांचे माप आहे.

== अर्जातील लेखन ==
एसएससी हे मंडळाचे नाव नाही. त्यामुळे 'एसएससी बोर्ड' ही नोंद अपुरी ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर येथून राज्य मंडळाची दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने परीक्षेच्या रकान्यात 'एसएससी' लिहावे. मंडळाच्या रकान्यात 'महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे' असे लिहून विभाग विचारल्यास 'अमरावती' नोंदवावा. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) बारावीच्या परीक्षेचे नाव 'सिनिअर स्कूल सर्टिफिकेट एक्झामिनेशन' असल्याने, केवळ संक्षेपावरून इयत्तेबाबत गोंधळ होऊ शकतो. म्हणून संक्षेपापुढे कंसात इयत्ता लिहिणे सोयीचे ठरते.

== सीजीपीए व टक्केवारी ==
सीजीपीएला सरसकट दहाने गुणून टक्केवारी काढणे चुकीचे आहे. सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या श्रेणीपद्धतीत ९.५ हा गुणक होता, त्यानुसार ८.६ सीजीपीए म्हणजे अंदाजे ८१.७ टक्के होतात, ८६ नव्हेत. विद्यापीठांची सूत्रे वेगळी असू शकतात, त्यामुळे गुणपत्रिकेवरील किंवा विद्यापीठाने ठरवलेले सूत्रच वापरावे लागते.