जाड फाईल आणि फेकून दिलेला नमुना

भालकी, औराद, बसवकल्याण भागातली बाई तिसऱ्यांदा गर्भ पडल्यावर उदगीर, सोलापूर किंवा हैदराबादच्या दवाखान्याची वाट धरते, तेव्हा तिच्या पिशवीत रिपोर्टांची जाड फाईल असते. तिच्यात बहुधा सगळ्यात वर असतो ‘टॉर्च’चा रिपोर्ट. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस या संसर्गांचं हे संक्षिप्त नाव 1971 मध्ये आंद्रे नाहमियास यांनी नवजात बाळांच्या आजारांसाठी रूढ केलं. आपल्याकडे मात्र गर्भपात झाला की ही तपासणी हमखास सांगितली जाते. ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ आलं की घर हादरतं. खरं तर याचा अर्थ एवढाच, की तो संसर्ग कधीतरी होऊन गेला किंवा त्याची लस मिळाली. भारतातल्या बहुसंख्य प्रौढ बायांमध्ये रुबेला आणि सायटोमेगॅलोचं आयजीजी सापडतंच. वारंवार गर्भपाताचं कारण त्यातून कळत नाही. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही या तपासणीला जागा नाही.

दुसरा संशय नात्यातल्या लग्नावर. मामाशी किंवा आतेभावाशी लग्न ही या पट्ट्यात जुनीच रीत. ऍलन बिटल्स, अप्पाजी राव आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये ‘सायन्स’मध्ये असल्या लग्नांचा आढावा घेतला. त्यात जन्मानंतरच्या बालमृत्यूंचा धोका वाढलेला दिसला. गर्भपाताशी मात्र तसा ठळक संबंध दिसला नाही. सुनेला ‘रक्ताचा दोष’ लावणाऱ्या सासरच्यांनी हा फरक समजून घेतला, तर बरंच भांडण टळेल.

मग शोधायचं काय? पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. सोळाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत हा त्यातला नेहमीचा प्रकार. हे सांगू शकतो तो बाहेर पडलेला गर्भाचा तुकडा. पण पिशवी साफ केल्यावर तो एकतर टाकून दिला जातो, नाहीतर सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो. फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी वाढवून गुणसूत्रं मोजता येत नाहीत. तो निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवून लवकर जनुकीय प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. साफसफाईच्या आधी हे डॉक्टरांना सांगून ठेवलं, तर तिसरा गर्भपात निदान काहीतरी सांगून जातो. तुकड्यात गुणसूत्रांची अदलाबदल दिसली तर नवराबायकोचं कॅरियोटाईप करतात. दोघांपैकी कुणात तरी अशी अदलाबदल फार थोड्या जोडप्यांत, शंभरांत दोन ते पाच, सापडते.

सर्वात उपयोगी कारण मात्र रक्तातलं आहे: अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. उपचार करता येण्याजोगं कारण म्हणून डॉक्टर ते आधी शोधतात. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतल्या सोनल व्होरा, श्रीमती शेट्टी, कंजाक्ष घोष यांनी 2008 मध्ये वारंवार गर्भ गमावलेल्या भारतीय बायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अँटीकार्डिओलिपिन प्रतिपिंडांचा संबंध ठळक होता.

समजा, सत्तावीस वर्षांच्या एका बाईचे आठव्या, नवव्या आणि आठव्या आठवड्यात असे तीन गर्भ गेले. तिचे तीन रिपोर्ट लागतात: ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, आणि अँटी-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन. पहिल्याचं गणित नाजूक. निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत रक्त खुणेपर्यंतच भरायचं, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण ठरलेलं आहे. कमी भरलं तर गोठण्याचा वेळ खोटा वाढतो. चार तासांच्या आत दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट काढून टाकायच्या, कारण उरलेल्या प्लेटलेट प्रतिपिंड शोषून घेतात आणि खरा दोष दडतो. मग गोठवून पाठवायचं. बीदरहून एसटीच्या टपावरून दुपारच्या उन्हात गेलेला नमुना हे काही सांगू शकत नाही. हेपरिन चालू असतानाही हा निकाल फसवतो.

पॉझिटिव्ह आलं, तरी निदान लगेच होत नाही. किमान बारा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते, कारण साध्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं थोडे दिवस दिसतात. दोन्ही वेळा आली, तर पुढच्या खेपेला डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि रोज हेपरिनची सुई देतात. 1997 मध्ये लंडनच्या राज राय आणि लेस्ली रीगन यांनी नव्वद बायांवर हे पडताळलं: दोन्ही औषधं मिळालेल्यांत 71%, नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांत 42% बाळं जिवंत जन्मली. हेच हेपरिन जन्मजात गोठण्याच्या दोषाला मात्र उपयोगी पडत नाही, असं 2023 मध्ये ‘अलाईफ-टू’ या चाचणीत दिसलं. तरी ते सर्रास दिलं जातं.

थायरॉईड, साखर आणि गर्भाशयात पडदा आहे का हे पाहणारी त्रिमितीय सोनोग्राफी या तपासण्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला होऊन जातात. एवढं करूनही साधारण निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. त्यांतल्या बऱ्याच जणींना पुढच्या खेपेला कुठल्याही खास औषधाविना मूल होतं.