रविवारचं एक पान

चरबी कमी करायला निघालेला माणूस रोज सकाळी वजनकाट्यावर उभा राहतो आणि त्या आकड्यावर दिवसभराचा मूड ठरवतो. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं, जेवायला उशीर झाला, पाळी जवळ आली किंवा नवीन व्यायामाने अंग दुखतंय, एवढ्यानेही काटा किलोभर वर जातो. ते बहुतेक पाणी असतं किंवा पोटातलं न पचलेलं अन्न. म्हणून वजन रोज करावं, पण वाचावी ती आठवड्याची सरासरी. ही सरासरी का हलली किंवा का अडली, हे मात्र काटा सांगत नाही. त्यासाठी आठवड्याला वहीचं एक पान लागतं.

रविवारी सकाळी दहा मिनिटं काढून पाच गोष्टी लिहायच्या: भूक, झोप, व्यायाम, मूड आणि ठरलेलं किती पाळलं. प्रश्न मोघम असले की उत्तरंही ‘ठीक’ अशीच येतात. म्हणून ‘भूक लागली का?’ असं न विचारता ‘कोणत्या वेळी भूक आवरेना?’ असं विचारावं आणि एक ते पाच आकडा द्यावा. एक म्हणजे जेवणाची आठवणही नाही, पाच म्हणजे कामात लक्ष लागत नाही. झोपेचे तास लिहावेत. व्यायामात गेल्या आठवड्याइतकंच वजन तितक्याच वेळा उचललं गेलं का, ते पाहावं. मूडसाठी माझा आवडता प्रश्न आहे, ‘या आठवड्यात घरात विनाकारण कोणावर ओरडलो?’ त्याचं उत्तर बायकोला विचारलं तर जास्त खरं मिळतं.

पाळण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तिथे आठवण दगा देते. अमेरिकेत 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचं खाणं मोजलं, तेव्हा ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी सांगत होते. मुद्दाम खोटं बोलणारी ही माणसं नव्हती. म्हणून इथे अंदाज नको, मोजणी हवी. दिवसाची चार खाणी धरली तर आठवड्याची 28. ठरल्याप्रमाणे झालेल्या प्रत्येक खाण्यासमोर त्याच दिवशी बरोबरची खूण करायची आणि रविवारी खुणा मोजायच्या.

आता समजा, एका बँकेतले गृहस्थ आहेत. सरासरी वजन 84.1 वरून 83.5, मग 83.0 असं उतरलं आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 83.2 झालं. पहिला विचार येतो, एक पोळी आणखी कमी करू. पण पान काय सांगतं? खुणा 28 पैकी 17. चुकलेल्या अकरांपैकी पाच दुपारची चारची खाणी, पाच रात्रीची जेवणं आणि एक लग्नाची पंगत. भूक चार, तीही रात्री आठनंतर. झोप साडेपाच तास. बैठका 50 किलोने आठ व्हायच्या, त्या सहावर आल्या. म्हणजे इयर एंडिंगच्या कामात चारचं खाणं हुकलं आणि त्याची वसुली रात्री साडेदहाच्या ताटावर झाली. इथे पोळी कमी केली असती तर रात्रीची भूक आणखी भडकली असती.

झोपेकडेही काणाडोळा करू नये. शिकागो विद्यापीठात 2010 च्या सुमारास दहाच जणांवर एक छोटा प्रयोग झाला. तेवढ्याच आहारावर साडेआठऐवजी साडेपाच तास झोपायला मिळाले, तेव्हा वजन सारखंच उतरलं, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि स्नायू जास्त गेले. काट्याला हा फरक कळलाच नसता.

म्हणून आधी खुणा वाचाव्यात. त्या 80 टक्क्यांच्या खाली असतील तर आहाराला हात लावू नये, तो पाळता का आला नाही ते शोधावं. या गृहस्थांनी एवढंच करावं की ड्रॉवरमध्ये फुटाण्याचा डबा ठेवावा, चारला मूठभर खावेत आणि निजायची वेळ तासभर अलीकडे आणावी. खुणा भरपूर, झोप नीट, भूक दोन-तीन आणि तरी सरासरी तीन आठवडे जागची हलत नसेल, तेव्हाच ताटातून थोडं काढावं. उलट आठवड्याला शरीराच्या एक टक्क्याहून जास्त वजन उतरतंय, भूक पाच, व्यायाम ढासळतोय, चिडचिड वाढलीय, तर खाणं वाढवावं. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. बायकांनी तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी, नाहीतर पाण्याच्या वजनाने उगाच घाबरायला होतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आहार कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. खाण्याचा धसका घेण्याचा त्रास कधी झाला असेल, तर अशा मोजणीच्या वाटेला जाऊ नका.