पेन्शन गेली, ओढ राहिली: वीस वर्षांचा मागोवा

१ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळणार नाही, असं ठरलं. पगारातून १० टक्के कपात, त्यात सरकारची भर आणि पुढचं सगळं बाजाराच्या हवाली. सरकारी नोकरीचा सगळ्यात मोठा आधारच काढून घेतला, तरी तालुक्याच्या अभ्यासिकांतली गर्दी हटली नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले.

कारण पगारात सापडतं. सातव्या वेतन आयोगात तलाठ्याचं मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होतं. २०२३ च्या मध्याला त्यावर ४२ टक्के महागाई भत्ता म्हणजे १०,७१० रुपये आणि छोट्या गावाचा ९ टक्के घरभाडे भत्ता २,२९५ रुपये, असे ३८,५०५ होत. पेन्शनची कपात आणि व्यवसाय कर वजा जाता हातात चौतीस हजारांच्या वर पडत. त्याच तालुक्यात बी.कॉम. झालेला मुलगा फायनान्स कंपनीत वसुलीला लागला, तर पंधरा-अठरा हजारांवर सुरुवात. शिवाय मोटारसायकल स्वतःची आणि महिनाअखेरीला टार्गेट.

वाढीचं गणित मात्र उलटं. तलाठ्याला वर्षाला सुमारे ३ टक्के वेतनवाढ मिळते आणि मंडळ अधिकारी व्हायला बरीच वर्षं लागतात. फायनान्सवाला चार-पाच वर्षांत शाखा सांभाळू शकतो, पण पुढची पायरी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात असते. खासगीत वाढ हवी तर गाव सोडावं लागतं. म्हातारपणाचं पाहिलं तर पीएफच्या जोडीची पेन्शन १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजतात. ३५ वर्षांच्या नोकरीनंतरही ती साडेसात हजारांच्या आसपासच राहते. सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संप केला आणि २०२४ मध्ये राज्याने शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनचा पर्याय, सेवेच्या अटीसह, आणला.

एवढं पाहून पारडं सरकारीकडे झुकतं, पण ते निवड झालेल्यांसाठी. तलाठी भरती २०१९ मध्ये झाली, नंतर थेट २०२३ मध्ये. मधल्या चार वर्षांत अभ्यासिकेत बसून राहिलेल्या मुलाचे पंधरा हजारांच्या हिशेबानेही सात लाखांहून जास्त बुडाले. वर तिशीत खासगी कंपनीच्या दारात उभं राहायचं, तेही अनुभवाशिवाय.

म्हणून पदवीच्या वर्षीच घरात बसून ठरवा: पूर्ण वेळ अभ्यास दोन वर्षं, त्यापुढे नोकरी धरूनच परीक्षा. खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे. ती सगळी रिकाम्या हाताने संपवू नका.