ब्रँडची बोली : लेखांक ६ – दुधाविना ‘आइस्क्रीम’ आणि त्याचे तीन सूर

दुग्धविरहित आइस्क्रीम विकणाऱ्या नव्या ब्रँडची भाषा ठरवताना पहिली अडचण नावातच येते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘आइस्क्रीम’ हा दुधापासून बनणारा पदार्थ आहे आणि त्यात दुधाची स्निग्धता किमान दहा टक्के असावी लागते. नारळ, काजू किंवा ओट्सपासून बनवलेल्या गोठवलेल्या पदार्थाच्या डब्यावर हे नाव लावता येत नाही. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिणे कायद्याला धरून असते, पण तेवढ्याने भागत नाही. बाजारातल्या बऱ्याच फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेलाबरोबर दुधाची भुकटीही असते. त्यामुळे नुसते ‘फ्रोझन डेझर्ट’ वाचून गिऱ्हाईक एकतर ‘हे वनस्पती तुपाचे स्वस्त काहीतरी’ असे समजते, नाहीतर दूध आहे की नाही या संभ्रमात राहते. यासाठी भाषामार्गदर्शिकेचे पहिले पान शब्दांच्या यादीचे असते : कोणते शब्द चालतात, कोणते नाहीत आणि का.

उदाहरणादाखल भुकूममध्ये सुरू होणारा एक छोटा उद्योग घेऊ. चांदणी चौकातून पौडकडे जाताना भूगाव ओलांडले की भुकूम लागते. इथले गिऱ्हाईक तीन तऱ्हांचे : गावातली जुनी घरे, नव्या सोसायट्यांतली कुटुंबे आणि सुट्टीच्या दिवशी मुळशी धरणाकडे निघालेले पुणेकर. माल नारळाच्या दुधाचा आणि काजूच्या पेस्टचा. चवी आंबा, जांभूळ आणि करवंद.

या उद्योगाच्या शब्दयादीत ‘नारळाचे दूध’ चालते, ‘काजूचे दूध’ चालत नाही. वनस्पतिजन्य पदार्थांना दूध, लोणी, चीज अशी नावे लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा मज्जाव आहे. २०२१ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांनाही अशी उत्पादने हटवायला सांगितले. नारळाचे दूध, पीनट बटर यांसारखी रूढ नावे मात्र त्यातून वगळलेली आहेत. ‘व्हीगन’ हा शब्द वापरायचा तर २०२२ च्या व्हीगन खाद्यपदार्थ नियमांप्रमाणे मान्यता लागते. त्या व्याख्येत मधही बसत नाही, म्हणजे मध घातलेली चव दुग्धविरहित असली तरी व्हीगन ठरत नाही. ‘आरोग्यदायी’, ‘पचायला हलके’ हे शब्द यादीतून सरळ काढलेले बरे, कारण दावा केला की पुरावा द्यावा लागतो आणि नारळातली स्निग्धता काही कमी नसते.

यादीनंतरचा नियम दुधाविषयी बोलण्याचा. २०१७ मध्ये अमूलच्या जाहिरातींनी आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट यांतला फरक दाखवताना दुसऱ्यात वनस्पती तूप असते असे सुचवले. तेव्हा क्वालिटी वॉल्स विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या जाहिराती दाखवायला मनाई केली. एका संपूर्ण प्रकारच्या मालाला नावे ठेवली तरी बदनामीचा दावा उभा राहू शकतो, हा त्यातला धडा दुग्धविरहित ब्रँडलाही उलट बाजूने लागू आहे. शिवाय ज्या गावात घरोघरी गाई-म्हशींचे दूध डेअरीला जाते, तिथे दुधाची टिंगल करणारी ओळ गिऱ्हाईकाच्या पोटावरच येते. म्हणून नियम असा : आपल्या डब्यात काय आहे ते सांगावे, दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते बोलू नये.

यानंतर सूर. ब्रँडचा आवाज एकच राहतो, प्रसंगाप्रमाणे सूर बदलतो. या उद्योगाच्या आवाजाची लक्षणे तीन : वाक्ये आखूड, गिऱ्हाईकाला ‘तुम्ही’, आणि दर मजकुरात निदान एका घटकाचे किंवा नेमक्या कृतीचे नाव.

पहिला सूर खेळकर. तो नवी चव, दुकानाबाहेरचा फलक, सणाचा संदेश यांसाठी.

‘करवंदं उतरली डोंगरावरून. काट्यांचं आम्ही बघून घेतलं, तुम्ही फक्त चमचा आणा. नारळाच्या दुधातलं करवंद, फ्रोझन डेझर्ट.’

इथे गंमत करवंदाच्या जाळीची आहे. ती मुळशीच्या डोंगराशी जोडलेली असल्याने दुसऱ्या कोणत्याही डब्यावर जशीच्या तशी बसत नाही. याउलट ‘चवीचा धमाका! आजच घ्या!’ ही ओळ चिवड्यापासून साबणापर्यंत कुठेही चालेल, म्हणून ती बाद.

दुसरा सूर समजावणारा. यात दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला अॅलर्जीचा. दुधातली साखर न पचणे आणि दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पोट बिघडते, दुसरीत जिवावरही बेतू शकते. म्हणून या सुरात विनोद नाही, उत्तर घटकांपासून सुरू होते.

‘यात दूध, दुधाची भुकटी किंवा लोणी नाही. काजू आहेत. आमच्या यंत्रांवर दुधाचा कोणताही पदार्थ बनत नाही. मुलाची अॅलर्जी तीव्र असेल तर घटकांची यादी आधी डॉक्टरांना दाखवा.’

तिसरे वाक्य खरे असेल तरच लिहायचे. यंत्र दुसऱ्या उत्पादकाचे भाड्याने घेतले असेल आणि त्यावर सकाळी कुल्फी बनत असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे लागते.

दुसरा प्रश्न उपवासाचा. नारळ आणि काजू उपवासाला चालतात, म्हणून ‘उपवासाला चालते’ असे लिहायचा मोह होतो. पण मिश्रण घट्ट राहावे म्हणून घातलेला ग्वार गम गवारीच्या बियांचा असतो आणि गवार अनेक घरांत उपवासाला वर्ज्य.

‘यात नारळ, काजू, साखर आणि गवारीच्या बियांपासूनचा ग्वार गम आहे. तुमच्या घरच्या रीतीला चालत असेल तर जरूर घ्या.’

निर्णय घरावर सोपवला की ब्रँड धर्मशास्त्रात पडत नाही आणि माहितीही लपत नाही.

तिसरा सूर दिलगिरीचा. उन्हाळ्यात वितळलेला डबा पोचणे ही या धंद्यातली नेहमीची तक्रार. डबा उणे अठरा अंशांच्या आसपास राहायला हवा. वाटेत वितळून पुन्हा गोठला की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि जिभेला रवाळ लागतात. उत्तराचा क्रम ठरलेला असावा : काय झाले, आता काय करावे, आम्ही काय करू.

‘डबा वितळून पोचला, चूक आमची. तो पुन्हा गोठवू नका, रवाळ होईल. उद्या संध्याकाळपर्यंत नवा डबा देतो किंवा पैसे परत करतो. काय हवं ते कळवा.’

‘झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य यात मुद्दाम नाही. त्यात कोणाची चूक ते कळत नाही आणि पुढे काय होणार तेही नाही. मात्र नारळाच्या स्निग्धतेमुळे डबा फ्रीझरमधून काढल्यावर दगडासारखा लागला, तर तो दोष नव्हे. त्या तक्रारीला दुसरा सूर लागतो : ‘दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग चमचा घाला.’ आलेली तक्रार कोणत्या सुरात उत्तर मागते हे ओळखण्यासाठी मार्गदर्शिकेत अशा नेहमीच्या पाच-सहा तक्रारी उत्तरांसह लिहून ठेवाव्यात, म्हणजे गल्ल्यावरचा नवा माणूसही अडत नाही.

मार्गदर्शिका पुरी झाली की तपासणी दोन प्रकारे करावी. तिन्ही सुरांतल्या ओळी ब्रँडचे नाव झाकून एकाखाली एक वाचाव्यात; एकच माणूस बोलतो आहे असे वाटले पाहिजे. मग प्रत्येक ओळ डब्यावरच्या घटकयादीशी ताडून बघावी. यादीत नसलेली गोष्ट ओळीत आली असेल, तर ओळ कितीही चांगली असली तरी काढावी. घटक बदलला, जसे काजूऐवजी ओट्स आले, तर समजावणाऱ्या सुराची उत्तरे त्याच दिवशी नव्याने लिहावी लागतात.

(पुढील लेखांकात : वेष्टनावरच्या मराठी मजकुराची मांडणी.)